२५ शॉट, एक गोल आणि एक्सजी नावाचा आकडा

मागच्या काही भागांनंतर मेसेजेसमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. मॅच संपते, अ‍ॅप उघडतो, स्कोअरच्या खाली बॉल पझेशन, कॉर्नर वगैरे असतं आणि त्यात एक ओळ असते, xG. आपली टीम ०-१ हरलेली असते आणि तिथे आपल्या नावापुढे २.४ आणि समोरच्यांच्या नावापुढे ०.५. मग ग्रुपवर भांडण सुरू. एक जण म्हणतो, "बघ, आपणच भारी खेळलो." दुसरा म्हणतो, "अडीच गोल कुठे दिसले रे तुला?" आज हे भांडण नीट समजून घेऊ. मिटेलच असं नाही, पण निदान कशावरून भांडतोय ते कळेल.

एक्सपेक्टेड गोल्स, म्हणजेच एक्सजी. या आकड्याची सुरुवात एका शॉटपासून होते, टीमपासून नाही. समजा खेळाडूने पेनल्टी स्पॉटजवळून, समोर मोकळं असताना पायाने शॉट मारला. आता जुन्या मॅचेसमधले असे हजारो शॉट काढा. जवळपास त्याच जागेवरून, तशाच कोनातून, पायानेच मारलेले, तशाच प्रकारच्या पासवर आलेले. त्यातल्या शंभरापैकी किती गोल झाले? तीस झाले असतील तर या शॉटची किंमत ०.३०. बस, एवढंच आहे. पेनल्टी हे सगळ्यात सोपं उदाहरण, कारण प्रत्येक पेनल्टी सारखीच असते: तेच अंतर, समोर एकटा गोलकीपर. मोठ्या लीगमध्ये शंभरातल्या साधारण ७६ ते ७९ पेनल्टी आत जातात, म्हणून बहुतेक मॉडेल पेनल्टीला ०.७६ ते ०.७९ देतात.

अंतर आणि कोन हे दोन घटक सगळ्यात जास्त वजनदार. गोलपोस्टची रुंदी ७.३२ मीटर. ११ मीटरवरून, बरोबर मधून बघितलं तर दोन खांबांमध्ये साधारण ३७ अंशांची फट दिसते. २५ मीटरवर गेलात की ती १७ अंशांवर येते. शिवाय मध्ये पाच-सहा जण उभे, आणि गोलकीपरला बॉल बघायला वेळ. त्यामुळे लांबून मारलेल्या शॉटची किंमत शंभरात तीन-चार गोल इतकीच उरते. त्याच जागेवरून डोक्याने मारलेला शॉट पायाच्या शॉटपेक्षा कमी किमतीचा, कारण हेडरला ताकद आणि दिशा दोन्ही कमी मिळतात. काही मॉडेल यापुढे जातात आणि शॉटच्या क्षणी गोलकीपर कुठे होता, मध्ये किती डिफेंडर होते हेही धरतात. म्हणूनच एकाच मॅचचा एक्सजी एका अ‍ॅपवर १.८ आणि दुसऱ्यावर २.२ दिसतो. दोघांपैकी कोणी खोटं बोलत नसतं, दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजलेल्या असतात.

दोन गोष्टी इथेच डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहेत. पहिली, हा आकडा बॉलला पाय लागण्याआधीच्या क्षणाचा आहे. शॉट वरच्या कोपऱ्यात गेला की स्टँडमध्ये गेला, किंमत तीच. दुसरी, शॉट कोण मारतोय हे साधारण मॉडेलला माहीत नसतं. मेस्सी असो की अकादमीतून कालच आलेला पोरगा, दोघांच्या शॉटची किंमत एकच. मॉडेल सांगतं की या लेव्हलच्या सरासरी खेळाडूने काय केलं असतं.

आता मॅचच्या सगळ्या शॉटची बेरीज केली की टीमचा एक्सजी. आणि इथे बहुतेकांची गल्लत होते, कारण बेरजेत एक माहिती हरवते.

एक छोटं गणित करू, वही नको, ऐकत राहा. टीम 'अ'ने मॅचमध्ये फक्त दोन शॉट मारले, पण दोन्ही जबरदस्त, प्रत्येकी ०.७५. बेरीज १.५. टीम 'ब'ने पंधरा शॉट मारले, प्रत्येक किरकोळ, ०.१ चा. बेरीज पुन्हा १.५. स्क्रीनवर १.५ विरुद्ध १.५ दिसणार आणि आपण म्हणणार बरोबरीची मॅच. पण 'अ'चा एकही गोल न होण्याची शक्यता आहे पाव गुणिले पाव, म्हणजे शंभरात सहा. 'ब'चा एकही गोल न होण्याची शक्यता ०.९ चा पंधरा वेळा गुणाकार, म्हणजे शंभरात जवळजवळ एकवीस. दुसऱ्या बाजूने 'ब' तीन किंवा जास्त गोल मारू शकते, शंभरात अठरा वेळा, आणि 'अ' तर कधीच नाही, तिच्याकडे शॉटच दोन आहेत. सगळं जुळवून बघितलं तर 'अ' जिंकते शंभरात साधारण ३९ वेळा, 'ब' ३२ वेळा, उरलेल्या २९ वेळा ड्रॉ. आकडा तोच, पण दोघींच्या जिंकण्याच्या शक्यता वेगळ्या. म्हणून मी बेरीज बघण्याआधी शॉटचा नकाशा बघतो, तो बऱ्याच अ‍ॅपवर असतो. मोठे गोळे दोन आहेत की बारीक ठिपके पंधरा, हे एका नजरेत कळतं.

आता खरी केस. इंग्लंडची प्रीमियर लीग, २०२०-२१ चा सीझन, ब्रायटन. कोच ग्रॅहम पॉटर. कोविडमुळे रिकामी स्टेडियम्स. २२ फेब्रुवारी २०२१ ला त्यांच्या घरी क्रिस्टल पॅलेस आलं. या दोन क्लबांचं जुनं वैर आहे, त्यामुळे मॅच साधी नव्हती. ब्रायटनने २५ शॉट मारले. पॅलेसने तीन. पॅलेसच्या खेळाडूंचा ब्रायटनच्या बॉक्समध्ये पूर्ण मॅचभरात फक्त दोनदा बॉलला स्पर्श झाला. आणि त्या दोन्हींचे गोल झाले! पहिला मातेताने टाचेने मारला, २८ व्या मिनिटाला. ब्रायटनकडून फेल्टमनने बरोबरी साधली. आणि ९५ व्या मिनिटाला बेंटेकेने व्हॉली मारून मॅच नेली. १-२.

हे वाचून कोणीही म्हणेल, दरोडा! पण गणिताला विचारू. समजा ब्रायटनचे २५ शॉट सगळे ०.१ चे होते. हे माझं गृहीतक आहे हं, खरे शॉट कमी-जास्त किमतीचे होते. बेरीज २.५. तरी एक किंवा शून्य गोलावर थांबण्याची शक्यता किती? शंभरात २७. चार मॅचमधून एकदा! म्हणजे अडीच एक्सजी असलेल्या टीमने एकच गोल मारणं ही काही अजब घटना नाही, दर महिन्याला कुठे ना कुठे होतच असते. अजब होतं ते पॅलेसच्या बाजूने. ०.१ चे तीन शॉट आणि त्यातले निदान दोन आत, ही शक्यता शंभरात तीनपेक्षा कमी. मॅचनंतर सगळे ब्रायटनच्या स्ट्रायकरांना शिव्या घालत होते, पण आकडे म्हणत होते की खरी लॉटरी समोरच्यांना लागली.

पाच दिवसांनी, २७ फेब्रुवारीला, ब्रायटन वेस्ट ब्रॉमविचकडे गेलं. ११ व्या मिनिटाला बार्टलीने हेडर मारून वेस्ट ब्रॉमला पुढे नेलं. मग ब्रायटनला पेनल्टी. ग्रोसने मारली, क्रॉसबारवर. दुसऱ्या हाफमध्ये पुन्हा पेनल्टी. वेलबेकने मारली, खांबावर! मॅच ०-१. नुसत्या दोन पेनल्टींचा एक्सजी दीडच्या वर. दोन्ही चुकण्याची शक्यता ०.२१ गुणिले ०.२१, शंभरात चार. आपल्याकडे म्हणतात ना, दैव देतं आणि कर्म नेतं. पेनल्टी दैवाने दिल्या, बाकीचं सांगायला नको.

एका आठवड्यात दोन मॅच, शून्य पॉइंट. तुम्ही क्लबचे मालक असता तर काय केलं असतं? प्रीमियर लीगमधून खाली घसरलं की कोट्यवधी पाउंडांचा फटका बसतो. साधारण मालक अशा वेळी कोच बदलतो. ब्रायटनचे मालक टोनी ब्लूम यांनी आयुष्यभर बेटिंगच्या धंद्यात आकड्यांवरच पैसे कमावलेत. पॉटर राहिले. सीझन संपला तेव्हा ब्रायटन १६ व्या नंबरावर होतं, ४१ पॉइंट, ४० गोल मारलेले, ४६ खाल्लेले. सार्वजनिक मॉडेलांमध्ये मात्र त्यांचा एक्सजी पन्नासच्या पुढे होता आणि त्यांच्याविरुद्धचा एक्सजी चाळीसच्या आसपास. म्हणजे टेबलमध्ये शेवटून पाचवे, आणि निव्वळ चान्स मोजले तर वरच्या अर्ध्यातली टीम.

पुढच्या सीझनमध्ये, २०२१-२२ ला, तेच कोच, बराचसा तोच संघ, ५१ पॉइंट आणि नववा नंबर. एक्सजीचे भक्त ही गोष्ट इथेच थांबवतात. आकड्याने आधीच सांगितलं होतं, टाळ्या!

पण थांबा. २०२१-२२ मध्ये ब्रायटनने गोल किती मारले माहितीय? ४२. फक्त दोन जास्त! खाल्ले ४४, दोन कमी. म्हणजे "नशीब फिरलं आणि अडलेले गोल पडायला लागले" असं झालंच नाही. पॉइंट दहा वाढले ते गोल जवळच्या मॅचेसमध्ये, योग्य वेळी पडल्यामुळे. गोलसमोरचा दुष्काळ तसाच राहिला. माझं मत विचाराल तर पहिल्या सीझनमधली तूट दोन गोष्टींची मिळून होती. एक भाग नशिबाचा, त्या दोन पेनल्टी कुठल्याही मॉडेलला समजावता येणार नाहीत. आणि दुसरा भाग खरा, त्यांच्याकडे सरासरीइतकाही फिनिशर नव्हता. २०२०-२१ ला लीगमध्ये त्यांचा टॉप स्कोअरर होता नील मोपे, आठ गोल. आठवतंय ना, मॉडेल धरून चालतं की शॉट सरासरी खेळाडू मारतोय? तो सरासरीपेक्षा खाली असेल तर एक्सजी आणि गोल यांच्यातली फट दर वर्षी उघडीच राहणार, आणि आपण दर वर्षी "नशीब" म्हणत बसणार.

मग नशीब कुठलं आणि खरी उणीव कुठली, हे ओळखायचं कसं? एका मॅचवरून तर अजिबात नाही. दहा-बारा मॅच झाल्या की टीमने तयार केलेल्या चान्सचं चित्र बऱ्यापैकी स्थिर होतं, त्याआधी एखादी पेनल्टी किंवा रेड कार्ड सगळं हलवून टाकतं. गोल मारण्याचं कसब दिसायला मात्र दहा मॅच पुरत नाहीत. एक स्ट्रायकर वर्षाला ऐंशी-शंभर शॉट मारतो, त्यात आठ गोल आणि तेरा गोल यांतला फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. दोन-तीन सीझन तोच माणूस तीच फट दाखवत असेल, तर मग ते कसब किंवा त्याचा अभाव. उलट्या बाजूचं उदाहरण म्हणजे बर्नली. शॉन डायश यांच्या त्या टीमच्या बॉक्ससमोर अख्खी भिंत उभी असायची. २०१७-१८ ला ते ५४ पॉइंट घेऊन सातवे आले आणि ३८ मॅचमध्ये फक्त ३९ गोल खाल्ले, मॉडेल सांगत होती त्यापेक्षा कमी. पहिल्यांदा सगळे नशीबच म्हणाले. पण शॉट मारणाऱ्याच्या समोर चार माणसं आडवी आहेत हे साध्या मॉडेलला दिसतच नव्हतं. चूक टीमच्या आकलनात नव्हती, मोजमापात होती.

आता मोजमापाबाहेर राहणाऱ्या गोष्टींबद्दल. यासाठी तुम्ही सगळ्यांनी बघितलेली मॅच घेऊ. २२ नोव्हेंबर २०२२, कतार वर्ल्ड कप, अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया. १-२. अर्जेंटिना ३६ मॅच हरलेली नव्हती, आणि इथे हरली. सौदीने मॅचभरात तीन शॉट मारले आणि दोन गोल झाले. एक्सजी बघितलात तर अर्जेंटिना दोनच्या वर, सौदी जेमतेम ०.१-०.२.

यावरून "अर्जेंटिना प्रचंड भारी खेळली" असं म्हणायचं का? त्या दोनातून आधी मेस्सीची पेनल्टी वजा करा, ०.७९ गेले. उरलं सव्वा ते दीडच्या मधलं काहीतरी. आणि त्यातले बरेच शॉट सौदी पुढे गेल्यानंतरचे. ५३ व्या मिनिटाला सौदी २-१ पुढे गेली, मग तिला पुढे यायची गरजच काय? मागे बसायचं, बॉल बाहेर मारायचा. हरणारी टीम शॉट मारत राहते आणि तिचा एक्सजी फुगत जातो. हे दर शनिवार-रविवारी होतं. म्हणून मी आधी बघतो की शॉट कधीचे आहेत. स्कोअर बरोबरीत असतानाचे असतील तर त्यांना जास्त मान.

आणि उलट बाजूही आहे. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाने तीन वेळा बॉल जाळ्यात घातला, तिन्ही ऑफसाइड. पूर्ण मॅचमध्ये त्यांचे दहा ऑफसाइड. सौदीचे कोच रेनार यांनी डिफेन्सची लाइन इतकी वर आणली होती की एक चुकीचं पाऊल पडलं असतं तर चार गोल खाल्ले असते. ऑफसाइडचा शॉट एक्सजीमध्ये शॉटच धरला जात नाही, त्याची किंमत शून्य. त्यामुळे त्या हाफची सगळ्यात मोठी गोष्ट, सौदीचा जुगार आणि अर्जेंटिनाचं त्यात पुन्हा पुन्हा अडकणं, त्या आकड्यात औषधालाही नाही. तसंच, सहा यार्डांच्या बॉक्समधून क्रॉस सपकन निघून गेला आणि स्ट्रायकरचा पाय चार बोटांनी हुकला, तरी शून्य, कारण शॉट झालाच नाही. क्रिकेटमध्ये स्लिप आणि गलीच्या मधून गेलेली एज स्कोअरबुकात चौकार म्हणून लागते, तसाच हा प्रकार, फक्त उलटा.

अजून एक बारीक गोष्ट, बेरीज करताना कधी कधी खटकते ती. पेनल्टी गोलकीपरने अडवली, बॉल परत आला, त्याच खेळाडूने पुन्हा मारला आणि तोही गेला बाहेर. पहिला ०.७९, दुसरा समजा ०.५०. नुसती बेरीज केली तर १.२९. पण एका हल्ल्यात गोल तर एकच होऊ शकतो ना? योग्य हिशेब असा की दोन्ही चुकायची शक्यता ०.२१ गुणिले ०.५०, म्हणजे साधारण ०.१०, आणि उरलेले ०.९० ही त्या हल्ल्याची किंमत. काही कंपन्या हा हिशेब करतात, काही सरळ बेरीज मांडतात. मॅचचा आकडा अचानक फुगलेला दिसला तर आधी असा रिबाउंड शोधा.

ब्रायटनचं पुढे काय झालं, हे विचारणारे मेसेज येणारच म्हणून आत्ताच सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पॉटर चेल्सीला गेले, रोबेर्तो दे झेर्बी आले. २०२२-२३ ला ब्रायटनने ७२ गोल मारले, ६२ पॉइंट, सहावा नंबर, आणि क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा युरोपियन स्पर्धेत जागा. पण हे श्रेय २०२१ च्या एक्सजीला देऊ नका. कोच बदललेला, खेळायची पद्धत बदललेली, अर्धा संघ नवा. त्या जुन्या आकड्याने फार फार तर एवढं सांगितलं होतं की ही टीम सोळाव्या नंबराची नाही. सहाव्या नंबराची होईल, हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

या वीकेंडच्या मॅचसाठी एक काम देतो. पेनल्टी वगळलेला एक्सजी शोधा, बऱ्याच साइटवर वेगळा दिलेला असतो. मग तुमच्या टीमच्या शेवटच्या दहा मॅचचा घ्या, टीमचा आणि समोरच्यांचा. वजाबाकी करा आणि टेबलमधल्या नंबराशी ताडून बघा. फट मोठी निघाली तर स्क्रीनशॉट पाठवा. पुढच्या भागात गोलकीपरचा आकडा घेऊ, कारण जाळ्याच्या दिशेने निघालेल्या शॉटचा हिशेब वेगळा असतो आणि तिथे मजा अजून जास्त आहे. भेटू!